दोन सह्यांचं खातं

धाऊ आणि चांगो हे सख्खे भाऊ. विहिरीवरच्या मोटारीच्या वायरवरून त्यांचं बोलणं तुटलं, त्याला तीन पावसाळे झाले. पण बँकेत ते अजून एकत्रच होते. महामार्ग रुंद करताना त्यांची सामाईक जमीन गेली, तेव्हा मोबदल्यासाठी शहापूरच्या एका खाजगी बँकेत दोघांच्या नावाने खातं उघडलं होतं. पैसे काढायचे तर दोघांच्या सह्या लागतील, अशी अट दोघांनीच घालून घेतली. एवढा विश्वास त्यांचा एकमेकांवर तेव्हाही होता.

मोबदला निम्मानिम्मा काढून झाल्यावर खात्यात तीन हजार उरले. ते काढायला सोबत जावं लागणार होतं, म्हणून ते तसेच राहिले. खात्यात सरासरी पाच हजार हवेत, नसतील तर दर तिमाहीला साडेसातशे रुपये दंड आणि वर सेवाकर. बँकेची पत्रं माझ्या दुकानाच्या पत्त्यावर येत, कारण पोस्टमनला त्यांच्या वरच्या पाड्यापर्यंत चढ नको असे. मी ती वाचून दाखवायचो. धाऊ म्हणायचा, "त्याला पडली असंल तर जाईल तो." चांगो म्हणायचा, "थोरला कोण आहे?" दंडाने तीन हजार खाल्ले आणि भूक भागली नाही, म्हणून खातं उणे झालं. २००८च्या मार्चमध्ये बँकेचं येणं दोन हजार छप्पन रुपये होतं.

तेवढ्यात वाढीव मोबदला मंजूर झाला. वाटणीप्रमाणे हिस्से वेगळे हवे असतील तर नवे खाते क्रमांक आणा, आणि जुनं संयुक्त खातं बंद झाल्याचं बँकेचं पत्र आणा, असं भूसंपादनाच्या कारकुनाने सांगितलं. मुदत पंधरा एप्रिल. नाहीतर रक्कम जुन्याच खात्यात पडणार.

याची खरी घाई होती ती चांगोच्या बायकोला, लहानीला. भाऊ वेगळे झाले तेव्हा चूल तिच्या वाट्याला आली आणि भिंती धाऊच्या. ती पडवीला प्लास्टिक बांधून स्वयंपाक करत होती. दोन धाकट्या मुली तिथेच निजायच्या. चांगोच्या हिश्शातून चार भिंती आणि पत्रा होणार होता. विटा कुठून आणायच्या हेही तिने ठरवून टाकलं होतं.

"शामशेट, तुमी मधी पडा," ती मला म्हणाली. "तुमचं दोघंबी ऐकतात."

ऐकत कसले! दोघांची उधारी माझ्याकडे होती, एवढंच.

मी तोडगा काढला, निम्मे निम्मे भरा. हजार अठ्ठावीस एकाचे, हजार अठ्ठावीस दुसऱ्याचे. येणं फिटलं की पासबुक, उरलेले चेक आणि अर्ज देऊन सह्या करायच्या. चांगो म्हणाला, "आदी त्याला भरू दे. चिठ्ठी बघीन, मंग मी."

धाऊने शुक्रवारी, अठ्ठावीस मार्चला पैसे भरले. संध्याकाळी दुकानात येऊन शिक्क्याची पावती मला दाखवली. हातात मात्र दिली नाही. दुसऱ्या दिवशी चांगो आला, त्यालाही धाऊने ती लांबूनच, दोन बोटांत धरून दाखवली, कोणी हिसकावून घेईल अशा बेताने.

"दिसली का त्याला, शेट?" त्याने मला विचारलं. चांगो समोरच उभा होता.

"दिसली म्हणून सांगा," चांगो मला म्हणाला.

सोमवारी चांगो कामावर गेला, बँकेत नाही. "एक दिस त्याला बी वाट बघू दे," म्हणाला. मंगळवारी एक एप्रिल, बँक हिशोबासाठी बंद. बुधवारी तो मला घेऊन गेला आणि खिडकीवर हजार अठ्ठावीस मोजून दिले. मग बंद करण्याचा अर्ज मागितला, तर काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघितलं.

"खात्यात अजून आठशे बेचाळीस रुपये सत्तर पैसे येणं आहे."

"आमी सगळं भरलंय, बाई!"

"तिमाही एकतीसला संपली ना. तेव्हाही पाच हजार नव्हते, म्हणून नवा दंड लागला. शुक्रवारी ते मोठे काका आले होते, त्यांना मी सांगितलं होतं की एकतीसच्या आत दोघांनी येऊन सगळं संपवा."

आम्ही परत आलो तेव्हा धाऊ माझ्या ओट्यावर तंबाखू मळत होता. मी विचारलं, "दादा, त्या मुलीनं तुम्हाला एकतीस तारीख सांगितली होती?"

"सांगितली."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंव कुठं? आन् त्याच्याशी मी बोलत नाय."

चांगो दातओठ खात म्हणाला, "शेट, त्याला सांगा, हा दंड त्याचा."

"त्याला सांगा," धाऊ तंबाखू तोंडात टाकत म्हणाला, "मी शुक्रवारी भरून मोकळा. सोमवारी काय पाय मोडलं होतं त्याचं?"

दोघांचं खरं होतं, म्हणूनच कोणी हलेना. आठ दिवस गेले. मी निम्म्या निम्म्याचा हिशोब पुन्हा मांडला, तर धाऊ म्हणाला, चारशे एकवीस फार नाहीत, पण ते दिले तर चूक माझी ठरंल. चांगोही अक्षर न बदलता तेच म्हणाला. भाऊच ते.

दहा तारखेला लहानी एकटी शहापूरला गेली. कोंबड्या आणि एक पितळेचं भांडं विकून तिने आठशे त्रेचाळीस रुपये भरले. पैसे भरायला सही लागत नाही. पावती माझ्यासमोर ठेवून ती हसली. "आता काय उरलं? दोन सह्या ना? उद्या दोघांना घेऊन जावा."

शुक्रवारी, अकरा तारखेला, मी दोघांना नेलं. दंड फिटला एवढंच त्यांना सांगितलं होतं, कोणी भरला ते नाही. एसटीत एक पुढे बसला, एक मागे. बँकेत मुलीने अर्ज पुढे केला. "खातं निल आहे. इथे दोघांनी सही करा, पासबुक द्या." चांगोने पासबुक दिलं आणि पेन उचललं. तेवढ्यात धाऊ माझ्या कानात, पण सगळ्या बँकेला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाला, "बघा शेट. भरला ना त्यानं? चूक कबूल झाली."

चांगोने पेन खाली ठेवलं. "कोनी भरला?"

मुलीनेच आपल्याकडच्या पावतीवरचं नाव वाचलं, "लहानी चांगो..."

"बायकांनी भरला," धाऊ म्हणाला. "घरात एक तरी शहाणं हाय."

"शेट, त्याला सांगा," चांगो काउंटरवर बोट आपटत म्हणाला, "चारशे एकवीस रुपये पस्तीस पैसे इथं ठेव. मंग सही."

"पाच पैसं पन नाय."

माझ्या खिशात पाचशेची नोट होती. मी ती काढली. "ठेवा ती, शेट," चांगो म्हणाला. "तुमचं नको. त्याचंच पायजे." आणि तो पासबुक उचलून निघून गेला. मागून धाऊ गेला, जिंकलेल्या माणसासारखा. कोरा अर्ज मुलीने परत गठ्ठ्यात ठेवला. पंधरा तारीख नेहमीसारखी आली आणि गेली.

मे महिन्यात वाढीव रक्कम त्याच खात्यात पडली. मी पत्र वाचून दाखवलं, तेव्हा लहानी आपल्याच दारात असल्यासारखी माझ्या उंबऱ्यात बसली होती.

"आता दंड नाय लागनार ना?"

"नाही. भरपूर आहेत आता."

"आन् ते काढायला काय भरावं लागंल?"

"काही नाही. दोघांच्या सह्या."

तिने आकाशाकडे बघितलं. वळीव उठला होता. मग उठून तिने पदराच्या गाठीतून वीस रुपये काढले.

"चार वार प्लास्टिक द्या," म्हणाली. "जाड बगून द्या."