बारा स्क्रीनचं कोटेशन

ईमेल सकाळी आला. डिझायनर तेव्हा जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसली होती. दुसऱ्या कोपऱ्यात नणंद शेंगा सोलत होती. पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं नव्हतं, म्हणून तिला आधी ती जाहिरात वाटली. विषयाच्या जागी लिहिलं होतं : लिफ्ट देखभालीच्या ॲपसाठी बारा स्क्रीन, कोटेशन हवे.

"नमस्कार. आपली ओळख नाही. आमची कंपनी इमारतींमधल्या लिफ्टची देखभाल आणि दुरुस्ती करते. तपासणीची नोंद आमचे मेकॅनिक सध्या चॅटवर फोटो टाकून करतात, त्यात फार गोंधळ होतो. त्यासाठी अँड्रॉइड ॲप बनवत आहोत. ते बांधणारे तयार आहेत, डिझाइन हवे आहे. तुमच्या वेबसाइटवरचे वाचनालयाचे ॲप पाहिले, नीटनेटके वाटले, म्हणून लिहिते.

"आम्हाला हवे ते असे : बारा स्क्रीन (यादी सोबत जोडली आहे), बदल करता येईल अशी फिग्मा फाइल, बटणे आणि रकाने यांचा एक सामाईक संच, दाबून पाहता येईल असा नमुना, आयकॉनच्या वेगळ्या फाइली. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. मुदत पाच आठवडे. बजेट कर सोडून सव्वा लाखापर्यंत. जमणार असेल तर या आठवड्यात कोटेशन पाठवावे. जमणार नसेल तर तेवढेच कळवले तरी चालेल."

खाली सही होती, मॅनेजर.

डिझायनरने ते दोनदा वाचलं. स्वतंत्र काम सुरू केल्यापासून तिला जी कामं मिळाली ती सगळी ओळखीतून : नवऱ्याच्या मित्राचं दुकान, मावसबहिणीचा क्लास, जुन्या एजन्सीने नको म्हणून पुढे सरकवलेलं काहीबाही. नुसतं काम पाहून अनोळखी माणसाने लिहावं, असं पहिल्यांदाच घडत होतं. आणि घडत होतं तेही नेमकं या आठवड्यात. जुन्या एजन्सीच्या सरांनी तिला परत बोलावलं होतं. पगार बरा होता, पण बाहेरचं एकही काम करायचं नाही अशी अट होती. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. हे काम मिळालं तर ती नाही म्हणू शकणार होती. नाही मिळालं, तर हो म्हणण्यावाचून तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

"काय गं, लॉटरी लागल्यासारखं तोंड झालंय," नणंद म्हणाली.

"कोटेशन मागितलंय. बजेट पण सांगितलंय."

"किती?"

तिने सांगितलं. नणंदेच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग लिही सव्वा लाख आणि हो मोकळी! विचार कसला करतेस?"

"ताई, माझा दर एका स्क्रीनला पाच हजार आहे. बारा पंचे साठ. बाकीच्या फाइलींचे आठ. अडुसष्ट होतात."

"ते स्वतःहून देतायत ना?"

"ते 'पर्यंत' म्हणालेत."

संध्याकाळी नवऱ्यानेही तेच ऐकवलं, फक्त जरा गोडीने. "अगं, दुकानदार स्वतःहून किंमत उतरवतो कधी? तुझं आपलं उलटंच."

पण तिच्या मनात वेगळीच भीती होती. असा ईमेल एकीलाच कोण पाठवतो? तीन-चार जणांना गेला असणार. त्यांच्याकडे मोठमोठ्या कंपन्यांची कामं दाखवायला असतील, आपल्याकडे काय आहे? स्वस्त असणं, एवढंच. यादीबद्दल दोन-तीन प्रश्न तिच्या डोक्यात आले होते, पण प्रश्न विचारले तर हिला समजत नाही असं वाटेल, म्हणून तेही गिळले. अडुसष्ट हजार लिहून तिने कोटेशन पाठवून दिलं.

उत्तर यायला वेळ लागला नाही. ते अगदी छोटं होतं.

"कोटेशन मिळाले, आभार. आणखी दोन आली आहेत, ती आमच्या बजेटच्या आसपास आहेत. तुमचे जवळजवळ निम्मे आहे. यात काय धरलेले नाही, ते कळवाल का?"

तिच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. "म्हणजे मी काहीतरी लपवतेय, असं म्हणायचंय यांना," ती नवऱ्याला म्हणाली.

"तसं कुठे लिहिलंय?"

"मग काय लिहिलंय?"

"काय धरलेलं नाही ते विचारलंय. काही धरायचं राहिलंय का?"

"काही नाही राहिलं," ती तडकून म्हणाली आणि यादी उघडून बसली.

पाचवी स्क्रीन तपासणीची होती. मेकॅनिक एकेका भागासमोर ठीक किंवा नादुरुस्त अशी खूण करणार आणि फोटो जोडणार. फोटो गेला नाही तर? अर्धी तपासणी झालेली असताना फोन आला तर? नेट नसेल तर? त्या दिवशी एकही लिफ्ट नेमून दिलेली नसेल तर पहिल्या स्क्रीनवर काय दिसणार? या प्रत्येकाचं वेगळं चित्र काढावं लागतं. नाहीतर ॲप बांधणारा आपल्या मनाने काहीतरी ठोकून देतो. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. एजन्सीत ती हे सगळं काढतच होती. पण तिथे सरांचा हिशेब ठरलेला होता. गिऱ्हाइकाला मुख्य स्क्रीन मोजून द्यायच्या, मधल्याअधल्या त्याच्यातच आल्या. मधल्याअधल्या ती घरी येऊन काढायची आणि त्या कुणी मोजायचं नाही. एजन्सी सोडली तरी मोजायची ती रीत तिच्याबरोबर घरी आली होती. पाच हजारांचा दरही तिथलाच.

तिने पुन्हा हिशेब मांडला. आकडा लाखाच्या पुढे गेला आणि ती घाबरली. आता कुठल्या तोंडाने सांगायचं? बाकीच्यांचे आकडे कळल्यावर हिने लगेच आपला वाढवला, असंच कुणीही म्हणेल. तिने स्वतः म्हटलं असतं.

शेवटी तिने मॅनेजरला फोन केला. लिहिण्यापेक्षा बोलणं तिला एरवी जड जायचं, पण हे लिहिता येण्यासारखं नव्हतं.

"मॅडम, माझं मोजण्यात चुकलंय. आकडा वाढणार आहे. पण नवा आकडा देण्याआधी तुमचे मेकॅनिक काम करतात ते बघायचंय मला. बघून सांगते. मग नको वाटलं तर खुशाल नको म्हणा."

"आमचे काका मालक आहेत," मॅनेजर म्हणाली, "त्यांनी तुमचं कोटेशन बघून सांगितलं, ही मुलगी अर्ध्यात काम टाकून पळेल. पळण्याआधी फोन तरी केलात. या उद्या."

दुसऱ्या दिवशी ती मॅनेजरबरोबर एका सात मजली इमारतीत गेली. मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो लिफ्टच्या दाराला कान लावून आवाज ऐकायचा. तळमजल्याच्या दारावर 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवून त्याने दार उघडलं, आत हात घालून खटका बंद केला आणि शिडीने लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला. तिला मात्र बाहेरच, अडथळ्याच्या मागे उभं केलं. खालून तेलाचा आणि ओलसर धुळीचा वास येत होता.

"डॉक्टर, नोंद कशी करता ते दाखवता?" तिने वाकून विचारलं.

"ही बघा." त्याने दातांनी हातमोजा ओढला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला फोन काढला, फोटो घेतला आणि पाठवला. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. "फिरतंय. इथे रेंजच नाही. वर गेल्यावर जातो. कधी जातो, कधी नाही. मग ऑफिसातून फोन येतो, डॉक्टर, तुम्ही तपासणी केलीच नाहीत! केली हो, इथेच तर बसलोय बेडकासारखा."

मॅनेजर हसली. "मग दोनदा उतरावं लागतं यांना."

"तुमच्या यादीत हे नाहीये," डिझायनर म्हणाली.

"कुठलं?"

"नेट नसतानाचं. नोंद फोनमध्ये जपून ठेवली आहे, वर गेल्यावर आपोआप जाईल, हे यांना इथेच दिसायला हवं. नाहीतर ॲपमध्येसुद्धा नुसतं फिरत बसेल."

"आम्हाला वाटलं, ते ॲप बांधणारा बघेल."

"जपून ठेवायचं काम तो करेल. पडद्यावर काय दिसायचं ते मात्र कुणीतरी काढायला हवं. मीपण ते धरलं नव्हतं, म्हणून तर अडुसष्ट."

घरी येऊन तिने नवं कोटेशन लिहिलं. प्रत्येक मुख्य स्क्रीनखाली तिच्या मधल्या अवस्था लिहिल्या, प्रत्येकीची किंमत लिहिली. हातमोजा काढून घाईत दाबता येतील एवढी मोठी बटणं, हेही लिहिलं. काय धरलेलं नाही तेही लिहिलं : आयफोन नाही, लोगो नाही, तिसरी फेरी नाही. आकडा झाला एक लाख दहा हजार. वर एकच वाक्य घातलं : "पहिल्या कोटेशनमध्ये मी फक्त मुख्य स्क्रीन मोजल्या होत्या, ती माझी चूक होती."

मॅनेजरचं उत्तर आलं, काका बाहेरगावी आहेत, सोमवारी सांगते.

शुक्रवार त्याआधी होता. सरांचा फोन आलाच.

"काय ठरलं मग? खुर्ची रिकामी ठेवलीय तुझी."

"सर, एक विचारू? आपण स्क्रीन अजून तशाच मोजतो का? मुख्य तेवढ्या?"

"मग आणखी कशा मोजणार? बाकीच्या त्यात आल्याच की. तू तर पटापट काढायचीस. म्हणून तर बोलावतोय."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आतून नणंद हाताने खुणावत होती, हो म्हण, हो म्हण.

"नाही जमणार, सर," ती म्हणाली. "मनापासून आभार."

"दुसरीकडे मिळालं का काही?"

"अजून नाही."

फोन ठेवल्यावर नणंद बाहेर आली. "अजून नाही म्हणे! अगं, थाप तरी मारायचीस! आणि ते लिफ्टवाले नाही म्हणाले तर?"

"तर दुसऱ्यांना लिहीन. ताई, त्यांनी लिहिलं तसं मलाही लिहिता येईल की. ओळख नसताना."

नणंदेने कपाळावर हात मारला, पण चहा मात्र दोघींचा टाकला.

सोमवारी दुपारी ईमेल आला. काकांनी कोटेशन ओळ न् ओळ वाचलं होतं. मेकॅनिकना पासवर्ड लक्षात राहणार नाहीत, तेव्हा पासवर्ड विसरल्याच्या आणि बदलण्याच्या दोन स्क्रीन गाळाव्यात, फोन नंबरवर काम भागवावं, आणि तेवढा आकडा कमी करावा. हे मान्य असेल तर अर्धी रक्कम आधी पाठवतो. तपासणीची स्क्रीन सगळ्यात आधी हवी, तीही नेट नसतानाची. खड्ड्यात उतरून ती बघायला डॉक्टर तयार आहेत.

तिने दोन्ही स्क्रीन आणि त्यांच्याखालच्या अवस्था वजा केल्या. अठ्ठ्याण्णव हजार झाले.

"परत कमी केलंस?" नवऱ्याने तिच्या खांद्यावरून वाकून विचारलं.

"दोन स्क्रीन कमी झाल्या ना."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या सगळ्या मोजल्यात," ती म्हणाली आणि पाठवायचं बटण दाबलं.