दोन डाव रस्सा

खानावळ आठ टेबलांची, आणि दुपारी बारा ते तीन त्या आठांपैकी एकही टेबल रिकामं सापडायचं नाही. लोक दारात उभे राहून जेवणाऱ्यांच्या पाठीकडे टक लावून बघायचे. असं असूनही महिन्याच्या शेवटी गल्ला मात्र उपाशी. सुनेला याचा उलगडा होईना. लग्नाआधी ती औषधांच्या कारखान्यात कोठाराचं काम बघायची. तिथं एक गोळी कमी भरली तरी जाब द्यावा लागे. इथं पातेलीच्या पातेली कुठं जात होती ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"धंदा जोरात आहे ना? मग झालं," नवरा म्हणायचा. स्वयंपाकघर त्याचं होतं. कोंबडीचा रस्सा असा करायचा की वास रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन गिऱ्हाईक हाताला धरून आणायचा.

"अहो, शंभराच्या ताटात कच्चा मालच सत्तेचाळीसचा जातोय. तुमच्या प्रमाणानं अडतीसच जायला हवा. वरचे नऊ कुठं जातात?"

"उंदीर खात असतील."

"मग तो उंदीर चांगलाच गलेलठ्ठ असणार. मला दाखवा तरी."

तिनं वजनकाटा आणला आणि स्वयंपाकघरात तीन बादल्या मांडल्या. निळीत सालं, देठं आणि नासलेलं. लाल बादलीत पातेल्यात उरलेलं. पिवळीत ताटातलं उष्टं, आणि हाडांना वेगळं घमेलं, कारण हाड कुणी खात नाही, ते वाया गेलं असं धरणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. रोज तीन वाजता ती प्रत्येक बादली काट्यावर चढवायची. नवरा कांदा चिरता चिरता म्हणायचा, "कचऱ्याचं बाळसं बघतेय. वजन वाढलं की पेढे वाट!"

आठवड्यानं आकडे समोर आले. सालं जेवढी निघायला हवीत तेवढीच. पातेल्यात उरतं ते नावाला. रोज ऐंशी ताटांना तेवीस किलो रस्सा संपत होता, म्हणजे ताटाला जवळजवळ दोनशे नव्वद ग्रॅम. नवऱ्याचं प्रमाण होतं दोनशेचं.

आता हे वरचे नव्वद कुणाच्या हातून जातात हे सांगायला काट्याची गरज नव्हती. वाढायचं काम सासूबाईंचं. त्यांचा डाव एका वेळी एकशे पंचेचाळीस ग्रॅम उचलायचा, आणि त्या मोजून दोन डाव घालायच्या.

"आई, एकच डाव घालून बघायचा का?" सुनेनं जपून विचारलं.

"एक डाव म्हणजे चव. दोन डाव म्हणजे जेवण," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुझी ती पिवळी बादली काय म्हणते? भरते का कधी?"

इथंच तर घोडं पेंड खात होतं. पिवळी बादली जेमतेम दीड किलो भरायची. म्हणजे लोक सगळं खात होते, अगदी बोटं चाटूनपुसून. खाणाऱ्याच्या तोंडातला घास कमी करायचा म्हणजे गिऱ्हाईक तोडायचं. सुनेनं काटा पुसून ठेवला आणि मनातल्या मनात ताटाचा भाव वाढवायला घेतला.

दुसऱ्याच दिवशी शिंप्यानं पोलखोल केली, तीही न ठरवता. हा काडीसारखा माणूस कोपऱ्यातल्या टेबलावर रोज बसायचा. सासूबाई ताट ठेवून पुढं सरकल्या आणि काहीतरी विसरलं म्हणून गर्रकन वळल्या. शिंप्याच्या मांडीवर उघडा डबा, आणि डब्यात अर्धा रस्सा! दचकून त्याचा गुडघा टेबलाला लागला, डबा उडाला आणि सासूबाईंची चप्पल लालभडक झाली.

सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या.

"का रे? आवडलं नाही तुला?" सासूबाईंचा आवाज चक्क बारीक झाला होता.

"आजी, आवडतं हो! पण माझं पोट बघा. दोन डाव यात मावायचे कसे? आणि ताटात ठेवलं की तुम्ही उभ्या राहता. 'संपव, अन्न टाकायचं नाही' म्हणता. तुमच्या त्या नजरेसमोर मी तरी काय, पहिलवानही ताट टाकून उठायचा नाही."

"अरे, मग सांगायचं!"

"तुम्हाला?" शिंपी म्हणाला, आणि दोन-तीन टेबलं खुदकन हसली.

सुनेनं गल्ला सोडला. ती मधोमध उभी राहिली आणि एकदम गोड आवाजात म्हणाली, "मंडळी, खरं सांगा. कुणीही रागावणार नाही. आणखी किती जणांकडे डबे आहेत?"

आधी कुणी हललं नाही. मग एका पिशवीतून झाकण चमकलं. मागोमाग दुसरीतून. भिंतीकडच्या जाडजूड ट्रकचालकानं तर पायाशी ठेवलेला तीन मजली डबा टेबलावर ठेवला आणि मान खाली घातली.

"वर्ष झालं," तो पुटपुटला, "रात्रीला आमच्या घरी रस्सा केलेलाच नाही."

पिवळी बादली रिकामी का राहते, ते आता कळलं. उष्टं बादलीत न जाता दारातून, पिशवीतून, घरी चाललं होतं. काटा खरा होता. तो ठेवला होता चुकीच्या दाराशी. सुनेला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती हसली.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. चप्पल धुऊन आल्या आणि भाताच्या पातेल्यापाशी पाठमोऱ्या बसल्या. नवरा आत डोकावून परत आला आणि खुणेनंच म्हणाला, 'तूच बघ.'

"आई," सून शेजारी बसली, "रागावलात?"

"मला वाटायचं, माझ्या हातचं सगळे संपवतात." त्यांनी पातेल्यावर झाकण आपटलं. "भीतीनं संपवत होते, मेले."

"भीतीनं संपवत नव्हते हो. प्रेमानं घरी नेत होते. वाईट रस्सा कोण डब्यात भरतं?"

सासूबाईंनी तिच्याकडे तिरक्या नजरेनं बघितलं. "तू औषधाच्या गोळ्या मोजायचीस ना? बोलतेस मात्र साखर लावून."

"मग एक करू. पहिल्यांदा लहान डाव, दोन मिळून एकशे साठ ग्रॅम. नंतर तुम्ही पातेलं घेऊन फिरा. ज्याला हवं त्याला पुन्हा वाढा, पैसे न घेता. मागेल त्याला नाही म्हणायचं नाही."

"आणि कुणी मागितलंच नाही तर?"

"तर तुमचे पाय दुखायचे वाचतील."

सासूबाईंना दोन हा आकडा तेवढा टिकवायचा होता; तो टिकला, म्हणून त्या कबूल झाल्या. पहिल्या दिवशी नाकं मुरडली गेली, "हे काय, दवाखान्यातलं जेवण?" असंही कुणी म्हणालं. पण त्याच वेळी सासूबाई गरम पातेलं घेऊन टेबलाशी आल्या आणि "बोल, किती?" म्हणाल्या, तेव्हा बोलणाऱ्यानं निमूट ताट पुढं केलं. शिंप्यानं मात्र ताटावर हात आडवा धरला. सासूबाईंनी त्याच्याकडे रोखून बघितलं, तो घाबरला, पण हात काढला नाही. त्या पुढं गेल्या. बऱ्याच वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच कुणाचं 'नको' ऐकून घेतलं होतं.

पंधरवड्यानं तेवीस किलोंच्या जागी सतरा किलो रस्सा पुरू लागला. कच्चा माल सत्तेचाळीसवरून एकोणचाळीसवर आला. गिऱ्हाईक एकही तुटलं नाही. उलट ताटं लवकर संपायला लागली आणि दारातली रांग भरभर आत यायला लागली.

फक्त एक तक्रार आली. एका दुपारी एक बाई कमरेवर हात ठेवून गल्ल्यापाशी उभी राहिली.

"आमचे हे ट्रक चालवतात. इथून रोज रात्रीचा रस्सा आणायचे. आता रिकामा डबा आणतात आणि म्हणतात, खानावळ बिघडली. काय बिघडलं ते बघायला आले."

सून पटकन म्हणाली, "ताई, काही बिघडलं नाही. घरी न्यायला वेगळा रस्सा विकतो आम्ही आता. अर्धा किलोपासून." हे तिनं त्याच क्षणी ठरवलं होतं. आतून नवरा चमकून बघायला लागला.

बाईनं भाव विचारला, थोडी घासाघीस केली आणि पैसे काढले. सासूबाईंनी स्वतः डबा भरून काट्यावर ठेवला. काटा बरोबर पाचशेवर थांबला. त्यांनी सुनेकडे बघितलं, मग बाईकडे, आणि डाव पुन्हा पातेल्यात घातला.

"आई!" सून ओरडली.

"गप. ही पहिल्यांदा आलीय," सासूबाई म्हणाल्या आणि वरून कोंबडीचा एक तुकडा घातला.