चाळीस सेंटीमीटर

चार गावांना वैनगंगेचं पाणी देणारी नळयोजना शुक्रवारी बंद पडली. पंपघरातल्या मोठ्या नळाच्या टोकाला बोल्टांनी बसवलेलं गोल लोखंडी झाकण तडकलं होतं. फुटकं झाकण टेम्पोत घालून माणसं वरठीच्या एका वर्कशॉपमध्ये आली. अठ्ठ्याहत्तर सेंटीमीटर व्यासाचं, तितक्याच जाड पत्र्याचं नवं झाकण त्यांना हवं होतं.

एवढी जाड प्लेट वर्कशॉपात एकच शिल्लक होती आणि तीही तिकोनी. नागपूरहून नवी यायला तीन दिवस लागणार होते. वीस वर्षं तिथं काम करणाऱ्या भैय्याजींनी खडूनं प्रत्येक कोपऱ्यापासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत रेषा ओढल्या. तिन्ही जिथं मिळाल्या तिथं मध्य धरला आणि एकोणचाळीस सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ फिरवलं. वर्तुळ एका बाजूनं प्लेटच्या बाहेर गेलं. भैय्याजींनी नाही मावत म्हणून सांगून टाकलं आणि टेम्पोवाली माणसं परत जायला निघाली.

हर्षा ग्राइंडर बंद करून उठली. आयटीआयचं फिटरचं सर्टिफिकेट घेऊन तिला इथं लागून आठ महिने झाले होते आणि आठही महिने तिच्याकडे कडा घासायचंच काम होतं. आखणीच्या कामाला तिला कोणी हात लावू दिला नव्हता. तिनं टेम्पोवाल्यांना दहा मिनिटं थांबायला सांगितलं.

"भैय्याजी, मले मोजू द्या."

"मी मोजलो ना. बाहीर जाऊन राह्यलं."

"तुमच्या मध्यावरून जाऊन राह्यलं. दुसऱ्या मध्यावरून मावते का, ते पाह्यतो."

भैय्याजींनी खांदे उडवले, पण बाजूला सरकले. तिनं टेपनं बाजू मोजल्या. एकशे तीस, एकशे चाळीस, एकशे पन्नास. मग काटकोनाचा गुण्या लावून एकशे चाळीसच्या बाजूवर समोरच्या कोपऱ्यापासून उंची मोजली. बरोबर एकशे वीस. क्षेत्रफळ आठ हजार चारशे.

भैय्याजींनी विचारलं की, क्षेत्रफळाचा आणि गोलाचा संबंध काय. हर्षा प्लेटजवळ उकिडवी बसली. तिन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर असलेला एक बिंदू धरा, ती म्हणाली. त्या बिंदूपासून तिन्ही कोपऱ्यांना रेषा ओढल्या की तीन लहान त्रिकोण होतात. बाजू तिन्हींच्या वेगळ्या, पण उंची सगळ्यांची एकच, ती म्हणजे आतल्या सगळ्यात मोठ्या गोलाची त्रिज्या. तिन्हींची बेरीज म्हणजे अख्खी प्लेट.

"म्हंजे घेराच्या अर्ध्याले त्रिज्येनं गुणलं का क्षेत्रफळ येते. घेर चारशे वीस, अर्धा दोनशे दहा. आठ हजार चारशेले दोनशे दहानं भागा."

भैय्याजींनी खडूनं जमिनीवर भागाकार केला. चाळीस आले. त्यांनी टेप उचलून आपल्या खुणेपासूनची तिन्ही अंतरं मोजली. चाळीस, त्रेचाळीस आणि लांब बाजूकडे जेमतेम सदतीस. खूण प्लेटचा तोल सांभाळणाऱ्या जागी होती. गोलाचा मध्य तिथं नव्हता.

हर्षानं मोठा कंपास घेतला. कोपऱ्यावर टोक टेकवून दोन्ही बाजूंवर सारख्या अंतरावर खुणा केल्या, त्यांवरून कमानी काढल्या आणि कोन बरोबर मधून दुभागणारी रेषा ओढली. दुसऱ्या कोपऱ्याचंही तसंच केलं. दोन्ही रेषा एका ठिकाणी मिळाल्या. खात्रीसाठी तिनं तिसरी ओढली, तर ती त्या जागेपासून अर्धा सेंटीमीटर लांबून गेली.

टेम्पोवाल्यांपैकी एकानं घड्याळ पाहिलं. हर्षा उठली नाही. गणित चुकलं नव्हतं, म्हणजे हात चुकला होता. तिनं कोपरे बोटांनी चाचपले. तिसऱ्या कोपऱ्याच्या टोकाला जुन्या कापणीत वितळलेल्या लोखंडाचा गोळा चिकटला होता, त्यामुळे कंपास नीट बसला नव्हता. तिनं तो ग्राइंडरनं घासून काढला, रेषा पुसली आणि पुन्हा आखली. या वेळी तिन्ही एकाच बिंदूत आल्या. गुण्या धरून तिन्ही बाजूंची अंतरं घेतली. चाळीस, चाळीस, चाळीस.

एकोणचाळीसचं वर्तुळ काढल्यावर प्रत्येक बाजूला एक सेंटीमीटर जागा उरली. तेवढी गॅस कटरला पुरणार होती.

"पंच मारू का?" तिनं विचारलं. एकदा मध्याची खूण ठोकून वर्तुळ कापलं की प्लेट दुसऱ्या कामाची राहिली नसती.

भैय्याजींनी स्वतः सगळी अंतरं परत तपासली. मग हातोडी तिच्या हातात दिली. "मार. कटर मी चालवतो."

संध्याकाळी भोकं पाडून झाकण पंपघरात बसलं, आणि बोल्ट आवळायला हर्षाही गेली. नळाला पाणी चढल्याचा आवाज आला तेव्हा तिनं कडेवरून हात फिरवला. हात कोरडाच राहिला.

सोमवारी ती कामावर आली तर ग्राइंडरजवळ दुसरा माणूस बसला होता. भैय्याजींनी तिला मानेनं आखणीच्या टेबलाकडे जायची खूण केली आणि आपल्या कामाला लागले.