प्रतिमाचा काचेचा चष्मा

कारखान्यात लेथवर अंबादास पॉलीकार्बोनेटचा, म्हणजे मजबूत प्लास्टिकचा चष्मा लावायचा. लोखंडाचा कीस आपटला तरी तो फुटत नसे. लेकीला मात्र त्यानं काचेचा करून दिला, कारण प्रतिमानं फ्रॉकनं पुसून पुसून प्लास्टिकच्या भिंगांवर ओरखडे पाडले होते. ती शाळेत जाताना तो रोज बजावायचा, "सांभाळ, काच आहे. फुटली तर डोळ्यात जाईल."

वर्षानं तिच्या चष्म्याचा नंबर वाढला. घमापुरातला चष्मेवाला मुरलीधर म्हणाला, "लेकराला काच काहून दिली भाऊ? पॉलीकार्बोनेट घ्या. ते लवकर ओरखडते, म्हणून वरून कोटिंग येते." त्यानं नमुन्याचं भिंग फरशीवर आपटून दाखवलं.

अंबादासची मान खाली गेली. हे तर त्याला रोज लेथवर कळत होतं.

प्रतिमानं भिंग उचलून निरखलं. "बाबा, मग आता मधल्या सुट्टीत मी वर्गाबाहेर खेळायला जाऊ?"