पहिल्या पायरीचा प्रश्न

परदेशी क्विझ शो मराठीत आणताना नियम एकच: तिकडचा प्रश्न जितका सोपा, तितकाच सोपा इकडचा हवा. त्यांचा पहिला प्रश्न तिकडच्या शेंबड्या पोरालाही पाठ असलेल्या बालगीतावर होता. इकडे ते कोणाच्या बापाला ठाऊक? म्हणून मी लिहिलं, 'बायकोच्या बहिणीचा नवरा आपला कोण?' पर्याय दिले: दीर, व्याही, साडू, मेहुणा.

प्रत्येक प्रश्न निर्माते आधी स्वतः सोडवून बघतात. त्यांनी डोकं खाजवलं.

"मेहुणा."

"साडू," मी म्हणालो.

"बाप रे! हा शेवटी टाका, कोटीच्या पायरीला."

मी निमूटपणे टाकला. घरी बायकोला एवढंच सांगितलं, "मी तुझ्या ताईच्या नवऱ्याचा कोण लागतो, ते त्याला आज कळलं."