गुरुजींच्या नावावरची जागा

धनजच्या अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढून झाली होती. रत्नमाला हात धुवायला बाहेर आली, तेव्हा ग्रामपंचायतीचा शिपाई गोविंदा दारात सायकल टेकवून उभा होता.

"ताई, एक विचारू का? तुमची थे अभ्यासिकेची जागा इकून राह्यले का तुमी?"

"कोन इकून राह्यलं?"

"गुरुजींचा अर्ज आला ना. जागेचा नमुना आठचा उतारा पायजे म्हने, इक्रीसाठी."

रत्नमालाला वाटलं, गोविंदाचा काहीतरी घोळ झालाय. इंद्रभान गुरुजी असा अर्ज कशाला करतील? तरी मुलं घरी गेल्यावर ती पंचायतीत गेली. अर्ज खरा होता. सही तर लांबूनही ओळखू येत होती. चौथीत असताना तिच्या वहीवर, प्रगतिपुस्तकावर हीच सही असायची. बारावीनंतर बापानं तिचं लग्न ठरवलं, तेव्हा अंगणवाडीच्या नोकरीचा फॉर्म घेऊन हेच गुरुजी घरी आले होते. ओट्यावर बसून त्यांनी बापाला दोन तास समजावलं होतं. घरी कोणाचं ऐकायचं आणि कोणाचं नाही, हे ठरवताना तिच्या मनात पहिलं नाव गुरुजींचंच यायचं.

जागेची गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. बौद्धवाड्यातल्या अकरा बायांचा बचत गट होता, त्याची वही रत्नमाला लिहायची. सोयाबीन सोंगायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया. घरात दोन खोल्या आणि सहा माणसं, मग पोरींनी अभ्यासाला बसायचं कुठं? म्हणून गटानं ठरवलं, गावातच रस्त्याकडेची जागा घ्यायची आणि तिथं अभ्यासिका बांधायची. खेमा नावाच्या शेतकऱ्याची जागा विकायला होती. बायांनी व्यवहार करायचा म्हणजे भाव दुप्पट सांगतील, कागदात काही राहून जाईल, अशी भीती. गटाची अध्यक्ष मोतीबाई म्हणाली, "गुरुजीले पाठवू. त्यायच्याइतका भरोशाचा मानूस नाई आपल्यात." तसा ठराव वहीत लिहिला. गटाच्या खात्यातून पैसे गुरुजींच्या खात्यावर गेले आणि दोन दिवसांनी तेच तिथून खेमाच्या खात्यावर.

कारंज्याहून रजिस्ट्री करून गुरुजी परतले, तेव्हा सगळ्या समाजमंदिरात वाट पाहत बसल्या होत्या.

"खेमा म्हने, उद्या पोराकडे पुन्याले चाल्लो, मंग दिवाळीपर्यंत येत नाई," गुरुजींनी सांगितलं. "तुमाले सगळ्यायले कुठं बोलवत बसू? सध्या माह्या नावावर करून घेतली. दोन महिन्यात तुमच्या नावावर फिरवून देतो."

बायांनी टाळ्या वाजवल्या. मोतीबाईनं पेढे वाटले. लिहून द्या, असं कोणी म्हटलं नाही. तसं कोणी म्हटलं असतं तर रत्नमालाच त्या बाईवर चिडली असती.

दोन महिन्यांचे सहा झाले, सहाचं वर्ष झालं. दरवेळी गुरुजींकडे काहीतरी कारण असायचं. मग महामार्गाचं काम झालं आणि रस्त्याकडेच्या जागांना एकदम भाव आला.

पंचायतीतून रत्नमाला थेट गुरुजींच्या घरी गेली. ते पेपर वाचत होते.

"ये रतन. बस."

"गुरुजी, जागा इकून राह्यले तुमी?"

त्यांनी पेपर खाली ठेवला नाही. "मंगरूळचा एक व्यापारी आहे. गोडाऊन बांधतो म्हने."

"पन जागा तर गटाची आहे."

"कागद पाह्यला का तू? कागदावर कोनाचं नाव आहे?"

तिला वाटलं, आता ते हसतील. शाळेत असंच अवघड गणित घालून आधी घाबरवायचे आणि मग हसायचे. पण ते हसले नाहीत.

"तुमचे जेवढे पैसे लागले तेवढे देऊन टाकीन," ते म्हणाले. "हिशोबात मी पक्का आहे. जागा माही आहे."

रत्नमाला उठली. दारातून बाहेर पडताना, सवयीनं, तिच्या तोंडून "जयभीम गुरुजी" निघून गेलं. त्याचा तिला पुढं कित्येक दिवस राग येत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती आणि मोतीबाई एसटीनं कारंज्याला गेल्या. कोर्टासमोर रेणू इंगोले नावाच्या वकीलबाईंचं छोटं ऑफिस होतं. वकीलबाईंनी ठरावाची वही आणि पासबुक दोन्ही नीट वाचलं.

"गुरुजींनी कधी लिहून दिलं होतं का, की जागा तुमच्यासाठी सांभाळतो म्हणून?"

"नाई," रत्नमाला म्हणाली.

"मंग गेली का वं माय आमची जागा?" मोतीबाईनं विचारलं.

"थांबा आजी. स्थावर मिळकतीचा न्यास, म्हणजे ती दुसऱ्यासाठी धरून ठेवणं, कोणी स्वतःहून करायचा म्हटला, तर सही केलेला, रजिस्टर केलेला दस्त लागतो. तो आपल्याकडे नाही. आणि पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचं, एवढ्यावरून जागा पैसेवाल्याची समजायची, असं कलम पूर्वी होतं. ते एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली बेनामीच्या कायद्यानं काढून टाकलं. त्यांचे वकील तेच धरून बसतील. व्यवहार बेनामी आहे, दावाच चालत नाही म्हणतील."

रत्नमालानं वही मिटायला घेतली.

"आता मला एक सांगा. खेमाकडे गुरुजी स्वतःच्या मनानं गेले होते का?"

"नाई जी. आमी पाठवलं."

"कशासाठी?"

"आमच्यासाठी जागा घ्याले."

"मग बसा निवांत," वकीलबाई म्हणाल्या. "ज्याला दुसऱ्यानं भरवशावर कामाला पाठवलं, त्यानं त्या कामातून स्वतःचा फायदा करून घेतला तर तो फायदा त्याला ठेवता येत नाही. तो ज्याच्यासाठी गेला, त्याच्यासाठीच ती वस्तू धरून आहे असं कायदा समजतो. त्याची इच्छा असो नसो, त्यानं लिहून दिलेलं असो नसो. न्यासाच्या कायद्यात अठ्ठ्याऐंशी नंबरचं कलम आहे. आणि अशा भरवशाच्या नात्यात दुसऱ्यासाठी धरलेली मिळकत बेनामी धरत नाहीत. बेनामीच्या कायद्यातच तशी सूट आहे."

"म्हंजे गुरुजी मालक नाईत?"

"कागदावर आहेत. पण तुमच्यासाठी. त्यांनी न्यास केला नाही, त्यांच्या वागण्यामुळे तो त्यांच्यावर बसला."

मोतीबाईला सगळं कळलं नसावं, पण तिनं मान हलवली. रत्नमालाला कळलं आणि बरं वाटायच्या ऐवजी आणखी वाईट वाटलं. कायद्यानं गुरुजींचं ज्यांच्यात नाव घातलं, ती भरवसा मोडणाऱ्यांची रांग होती.

"एक घाईचं काम आहे," वकीलबाई पुढं म्हणाल्या. "व्यापाऱ्यानं काही माहीत नसताना, चांगल्या मनानं, पूर्ण किंमत देऊन जागा घेतली, तर त्याच्या हातून ती काढता येत नाही. मग गुरुजींच्या मागे पैशासाठी धावत बसावं लागेल. त्याला आजच कळलं पाहिजे. मी नोटीस पाठवतेच, पण पोस्टानं दोन दिवस जातील."

"मी जातो त्याच्याकडे," मोतीबाई म्हणाली. शेवटी गेली रत्नमालाच. नोटिशीच्या दोन प्रती घेऊन तिनं मंगरूळपीरची बस धरली.

व्यापारी हेमसिंग राठोड धान्याच्या पोत्यांमध्ये खुर्ची टाकून बसला होता. त्यानं नोटीस दोनदा वाचली.

"बाई, हे तुमच्या गावातलं भांडन. मी काहून त्यात पडू?"

"पडू नोका म्हनूनच आली. जागा अकरा बायांची आहे. गुरुजीले आमी घ्याले पाठवलं होतं. आता तुमाले माहीत झालं. उद्या कोर्टात मले माहीत नव्हतं असं म्हनता येनार नाई. ह्या दुसऱ्या प्रतीवर मिळाली म्हनून सही करा."

हेमसिंगनं नोटिशीची घडी घातली. मग त्यानं खिशातला पेन काढला. "बयाना परवा द्याचा होता," तो सही करत म्हणाला. "मास्तर असा निघंल वाटलं नव्हतं."

"आमालेबी," ती म्हणाली.

हेमसिंगनं व्यवहार सोडला. दावा दाखल झाला, जागा विकायची नाही असा तात्पुरता हुकूम मिळाला. मग तारखा सुरू झाल्या. गावात दोन तट पडले. ज्या गुरुजींनी दोन पिढ्या शिकवल्या त्यांना कोर्टात ओढलं, म्हणून काही घरांनी रत्नमालाशी बोलणं सोडलं. तिच्या अंगणवाडीतली चार मुलंही काही महिने आली नाहीत.

साक्षीच्या दिवशी गुरुजी पांढराशुभ्र सदरा घालून आले. मी मदत केली म्हणून बायांनी मला ते पैसे भेट दिले, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. रत्नमाला बाकावर बसून ऐकत होती. लहानपणी खोटं बोलल्याबद्दल याच माणसानं तिला उन्हात उभं केलं होतं.

रेणू वकिलांनी पासबुक पुढं केलं. "गटाच्या खात्यातून रक्कम आली आणि दोन दिवसांत तेवढीच्या तेवढी खेमाला गेली. बरोबर?"

"बरोबर."

"अकरा मजूर बायांनी सगळी बचत तुम्हाला भेट दिली. त्याचा ठराव आहे?"

"नाई."

"जागा घ्यायला गुरुजींना पाठवावं, असा ठराव मात्र आहे. त्यावर हजर म्हणून सही तुमचीच ना?"

गुरुजींनी वही जवळ ओढून पाहिली. "हाव," ते म्हणाले.

खेमानंही सांगितलं, मास्तर सौदा करताना 'बायांसाठी घेऊन राह्यलो' म्हणाले होते.

बाहेर व्हरांड्यात गुरुजींनी रत्नमालाला अडवलं.

"मी लिहून देलं होतं का तुमाले? एखादी ओळ?"

"नाई गुरुजी," ती म्हणाली. "तुमच्याकडून लिहून घ्यावं लागंल, असं वाटलंच नाई कधी. दुसरा कोनी असता तर घेतलं असतं."

गुरुजी वळले. छत्री काखेत धरून पायऱ्या उतरून गेले.

निकाल बायांच्या बाजूनं लागला. न्यायाधीशांनी लिहिलं, न्यासाचा दस्त नाही हे खरं, पण प्रतिवादी ज्या नात्यानं व्यवहाराला गेला त्या नात्यानंच तो बांधला गेला. जागा तो वादींसाठी धरून आहे, त्यानं ती त्यांच्या नावे करून द्यावी. गुरुजींनी वाशीमला अपील केलं. तेही फेटाळलं गेलं. तरीही ते रजिस्ट्रीला यायला तयार होईनात, तेव्हा वकीलबाईंनी पुन्हा कोर्टात अर्ज केला आणि त्यांच्या जागी सही करायला कोर्टानं आपला एक कर्मचारी नेमला.

त्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात अकराही बाया नव्या साड्या नेसून आल्या. रत्नमाला मात्र दाराकडे बघत होती. गुरुजी शेवटी तरी येतील, सही करतील, एकदा तरी डोळ्यात बघतील, असं तिला आतून वाटत होतं. तिला त्यांना एकच विचारायचं होतं, काहून? पैशासाठी असेल, तर तेवढंच सांगा. मी ऐकून घेईन.

गुरुजी आले नाहीत. कोर्टाच्या माणसानं चष्मा लावून, "इंद्रभान यांच्याकरिता" असं लिहून सही केली. पाच मिनिटांत काम झालं.

"जागा आपली झाली वं," मोतीबाई तिचा हात दाबत म्हणाली. "रडतं कायले?"

"झाली," रत्नमाला म्हणाली.

कारंज्याच्या स्टँडवर बाया उसाचा रस प्यायला थांबल्या. पत्रे किती लागतील, खिडक्या कोणत्या बाजूला ठेवायच्या, यावर त्यांची बोलणी सुरू झाली. रत्नमालानंही एक ग्लास घेतला. खिडक्या रस्त्याकडे नको, पोरींचं लक्ष जाईल, असं तिनं सांगितलं. मग धनजची बस लागली आणि सगळ्या चढल्या.