वजा तीस

गिऱ्हाइकांच्या चौकश्यांना गुण द्यायची पद्धत ऑफिस सांभाळणाऱ्या पुनमनेच बसवली होती. जळगावच्या एमआयडीसीत बन्सीलाल शेठचं एअर कॉम्प्रेसरचं दुकान, विक्रीला माणूस एकच, प्रेमराज. वेबसाइटवरून, व्हॉट्सअ‍ॅपवरून चौकश्या पडायच्या ढिगाने आणि प्रेमराज बिचारा ज्याचा फोन आधी आला त्याच्याकडे मोटारसायकल पळवायचा. अर्धे लोक नुसते भाव काढून बसणारे. मग पुनमने मागच्या दोन वर्षांच्या चौकश्या काढल्या, कुणी घेतलं आणि कुणी नाही ते लावलं, आणि शीटमध्ये सूत्र टाकलं. जीएसटी नंबर दिला तर गुण. किती प्रेशर लागेल, टाकी केवढी, हे विचारलं तर आणखी. माल कधी मिळेल विचारलं तर सगळ्यात जास्त. नुसतं 'रेट पाठवा' म्हणणारा तळाला.

आणि एक वजा होता. एकाच मोबाइलवरून वेगवेगळ्या नावांनी चौकशी आली, तर वजा तीस. कारण आदल्या वर्षी दुसऱ्या एका विक्रेत्याच्या माणसाने खोट्या नावांनी भाव काढले होते आणि प्रेमराज शिरपूरपर्यंत फुकट हिंडून आला होता. "असल्यांना तळाला गाड, पुनम," तो म्हणाला होता. तिने गाडलं.

पद्धत चालली. सकाळी वरची पाच नावं घेऊन प्रेमराज निघायचा, अमळनेर, धरणगाव करत. ऑर्डरी वाढल्या. शेठ खूश होता. पण एरवी सगळ्यात जास्त कमिशन देणारा धुळ्याचा भाग, धुळ्याची लाइन, यंदा मात्र कोरडी. शेठने सांगून ठेवलं होतं, या तिमाहीत धुळ्यात काही निघालं नाही तर ती लाइन प्रेमराजकडून काढून पुतण्याला देणार. लाइन गेली म्हणजे अर्ध्याहून जास्त कमिशन गेलं.

शनिवारी प्रेमराज धुळ्याहून आला तो तोंड पाडून. यादीत वर असलेल्या एका कारखान्यात तो गेला होता. परत येताना आग्रा रोडला टायरची आणि डेंटिंगची दुकानं आहेत ओळीने, तिथे पाच नवे कोरे कॉम्प्रेसर उभे होते. सगळे दुसऱ्याच कंपनीचे.

"गफूरभाई म्हणून एक म्हातारा शे," तो शेठसमोर बोलत होता. "म्हणे, आम्ही पाचही जणांनी आधी तुमच्याकडेच विचारलं. फॉर्म भरता येतो तो एकट्या माझ्या भाच्याला, म्हणून बठ्ठा, सगळ्यांचाच, त्याच्याच मोबाइलवरून भरला. तुमच्याकडून चिटपाखरू फिरकलं नाही."

"आणि तू काय झोपला होतास?" शेठ कडाडला. "पाच मशीन! प्रेमराज, तुझ्याच्याने धुळं होत नाही. सोमवारपासून पुतण्या जाईल."

प्रेमराज म्हणाला, "पुनमची यादी बरोबरच असते शेठ. मीच कधी खाली वाचली नाही. मन्ही चूक शे."

त्या पाच ओळी पुनमला आठवत होत्या. टाकी केवढी, प्रेशर किती, माल कधी मिळेल, सगळं नीट भरलेलं. वजा नसता तर पाचही सगळ्यात वर बसल्या असत्या. आणि सूत्राने खाली ढकललं तरी तिने त्या वाचल्या होत्या. नावं वाचली होती. गफूर, सैफ, आणखी तीन तसलीच. तिच्या मनात आलं होतं, असतील कुणीतरी, आणि बोट पुढे सरकलं होतं. त्याच आठवड्यात धरणगावचे दोन भाऊ, चिंधा आणि मगन, एकाच नंबरवरून आले होते. त्यांनाही वजा तीसच पडले होते. त्यांना तिने फोन लावला होता. "भाऊ, दोघं वेगवेगळे घेणार की एकच?" हसून विचारलं होतं, आणि वजा हाताने काढून टाकला होता.

"शेठ," ती उठून उभी राहिली. "चूक माझी आहे. एका नंबरला अनेक नावं असली की तीस गुण कापायचा नियम मी लावलाय. प्रेमराजभाऊंना ती नावं दिसलीच नाहीत. त्यांची लाइन काढू नका."

शेठने तिच्याकडे पाहिलं, मग प्रेमराजकडे. हातातला पेन टेबलावर आपटला.

"नियम बदल मग," तो म्हणाला. "आणि तू, प्रेमराज, तीन महिने देतो. जा."

बाहेर आल्यावर प्रेमराजचा चेहरा असा उजळला होता की पुनमला बघवेना. "ताई, तू नसतीस तर आज गेलोच होतो. कोण बोलतं गं इतकं खरं, शेठच्या तोंडावर?"

"जाऊ द्या भाऊ."

"नियमाचं काय, तो माझ्याच बोलण्याने लागला." त्याने मोटारसायकलला किक मारली, मग सहजच विचारलं, "पण एक फोन लावून पाहिला असता, तर कळलं असतं ना गं? तू तर लावतेस कधीमधी."

पुनमने ओढणी सारखी केली.

"कामात राहून गेलं," ती म्हणाली.

"व्हतं तसं," तो म्हणाला आणि गेला. त्याने विश्वास ठेवला होता.